काढलेली साडी परत दाखवा

रात्री साडेनऊची वेळ. माझी मावसबहीण पोळपाटावर शेवटची पोळी लाटत होती आणि ओट्याच्या कडेला ठेवलेला तिचा फोन सारखा उजळत होता. ताई सांगलीत घरूनच साड्या विकते. दुकान नाही, पाटी नाही. एक व्हॉट्सअॅपचा ग्रुप, दिवाणखान्यातलं एक कपाट आणि फोटो काढायला गॅलरीतली उजेडाची जागा, एवढाच पसारा. आलेला निरोप साधाच होता : ‘ताई, सकाळी ती जांभळी इरकल टाकली होतीत, आता दिसत नाही. परत पाठवता का?’

साडी ठरली की ग्रुपमधला फोटो काढून टाकायचा, हा ताईचा नियम. नाहीतर गेलेल्या साडीसाठी दहा जणी विचारत राहतात. पण ठरलेली साडी दर वेळी जातेच असं नाही. कुणाला रंग नको होतो, कुणाच्या घरून नकार येतो, कुणी पैसे पाठवायचं विसरते. मग तोच काढलेला फोटो, ज्या चौघी रांगेत होत्या त्यांना लगेच पाठवावा लागतो. त्यातली पहिली ‘हो’ म्हणते तिला साडी. उशीर झाला की त्या चौघी दुसऱ्या ग्रुपवर दुसरी साडी पाहत असतात.

त्या रात्री ताईने पीठ लागलेल्या बोटाने फोनमध्ये शोधायला सुरुवात केली. सकाळचे वीस फोटो, त्यांतल्या प्रत्येकाचे तीन-तीन नमुने, मध्ये भाच्याच्या वाढदिवसाचे, मध्ये गॅस सिलिंडरच्या पावतीचा, मग सोसायटीच्या ग्रुपवरचे फुलं आणि सुविचार. पोळी करपली. मी घड्याळ पाहत होतो. जांभळी इरकल सापडायला चार मिनिटं लागली, आणि सापडली ती वेगळी निघाली. काठ लाल नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिचा फोन घेऊन बसलो. त्या बैठकीतून जे ठरलं आणि गेल्या वर्षभरात जे टिकलं, तेवढंच इथे सांगतो. ताईचा फोन अँड्रॉइडचा आहे, म्हणून बहुतेक तपशील त्याचा आहे.

आधी एक गोष्ट सुटी करून घ्यावी लागली. ‘फोटो काढून टाकला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो नेमका कुठून काढला? ग्रुपमधल्या फोटोवर बोट दाबून धरलं आणि Delete for everyone निवडलं की तो सगळ्यांच्या चॅटमधून जातो. ही सोय पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस मिळते. पण फोटो फोनच्या कॅमेऱ्याने काढून मग पाठवला असेल, तर मूळ प्रत कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. चॅटमधून गेलं ते फक्त पाठवलेलं पान. याउलट फोटो चॅटच्या आतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावरून काढला असेल, तर कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत नसते. त्याचं घर म्हणजे व्हॉट्सअॅपच. घाईच्या वेळी ताई तसेच फोटो काढायची, आणि ‘कधी सापडतो, कधी सापडतच नाही’ या तिच्या तक्रारीचं निम्मं मूळ तिथेच होतं. तेव्हापासून पहिला नियम झाला : साडीचा फोटो कॅमेऱ्यानेच काढायचा, चॅटमधून कधीच नाही.

हातातला फोटो मूळ आहे की व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला, हे ओळखणं सोपं आहे. फोटो उघडून वर सरकवला, किंवा तीन टिंबांवर जाऊन तपशील पाहिला, की फाइलचं नाव दिसतं. IMG-20250614-WA0023.jpg असं काही असेल तर WA ही अक्षरं सगळं सांगून जातात. मधला आकडा तारखेचा, शेवटचा त्या दिवशीच्या क्रमाचा. आकारही पाहावा. ताईच्या फोनवर मूळ फोटो तीन-चार एमबीचा निघतो, आणि साध्या दर्जाने पाठवून परत आलेला काही शे केबीचा. जरीचा काठ दाखवायचा तर हा फरक डोळ्यांना कळतो. बुट्टीच्या कडा फुटलेल्या दिसतात आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘कापड असं खरखरीत आहे का?’

आता मुख्य युक्ती. ती इतकी साधी आहे की ऐकल्यावर ताई म्हणाली, ‘एवढंच? मग तू इंजिनिअर कशाला झालास?’

फोटोत नंबर ठेवायचा. फाइलच्या नावात नाही, तर प्रत्यक्ष साडीवर, पदराच्या कोपऱ्याशी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. तिच्यावर जाड मार्करने KZ417. फाइलला नाव देणं मोहात पाडतं, पण ते काम टिकत नाही. रोज वीस फाइलींची नावं बदलायला कुणाला वेळ आहे, आणि फोटो पाठवला की समोरच्या फोनवर ते नाव राहतही नाही. चिठ्ठी मात्र फोटोबरोबर सगळीकडे जाते. गिऱ्हाइकाच्या फोनवर जाते, तिच्या जावेच्या फोनवर जाते. त्यामुळे परत मागताना ती जाऊच ‘ती जांभळी’ न म्हणता ‘KZ417 आहे का?’ असं विचारते. शोधायचा शब्द गिऱ्हाईकच हातात आणून देतं.

KZ ही दोन अक्षरं मुद्दाम घेतली. नुसतं 417 लिहिलं तर शोधताना विजेचं बिल, बसचं तिकीट, कुणाच्या घराचा नंबर असं सगळं वर येतं. KZ अशी जोडी रोजच्या कागदांवर सहसा दिसत नाही. ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लत करणारी अक्षरं टाळली. अक्षरं इंग्रजीच ठेवली, कारण फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या शोधाला जाड, सुटी इंग्रजी अक्षरं आणि आकडे सहज वाचता येतात. हाताने लिहिलेल्या देवनागरीवर तिथे भिस्त ठेवू नये.

किंमत मात्र चिठ्ठीवर लिहायची नाही. हे आम्हाला महिन्याभराने कळलं. एकदा 2,850 ऐवजी 1,850 पडलं, चिठ्ठीवरच, आणि फोटोच निकामी झाला. किंमत फोटोखालच्या ओळीत असली तर फोटो तोच राहतो, ओळ बदलते. ती ओळही पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत जागच्या जागी दुरुस्त करता येते. त्यानंतर चूक दिसली तर फोटो काढायचा आणि नव्या ओळीसह परत टाकायचा. हे दुसरं काम घाईचं, कारण मधल्या काळात कुणीतरी जुनी किंमत धरून बसलेलं असतं.

चिठ्ठी वाचून शोधणं म्हणजे काय, तेही सांगतो. गुगल फोटोजच्या शोधात KZ417 लिहिलं की फोटोतली अक्षरं जुळवून तो फोटो वर येतो. पण ताजा फोटो लगेच येईल असं नाही. तो आधी बॅकअपला जायला हवा, मग त्याच्यातली अक्षरं वाचून होतात, आणि याला तास लागू शकतात. सकाळी अकराला काढलेली साडी दुपारी एकला शोधली तर रिकामं पान दिसू शकतं. ताईला वाटलं शोध बिघडलाय. बिघडलेला नव्हता, अजून तिथवर पोहोचला नव्हता. म्हणून आजच्या आणि कालच्या मालासाठी दुसरी सोय लागते.

ती सोय म्हणजे स्वतःचं स्वतःशीच चॅट. व्हॉट्सअॅपमध्ये आपल्याच नंबरला निरोप पाठवता येतो. ग्रुपवर टाकायच्या आधी ताई सगळे वीस फोटो तिथे पाठवते आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहिते : KZ417 जांभळी इरकल, लाल काठ. किंमत नाही. मग तिथूनच ग्रुपला पुढे ढकलते. रात्री कुणी विचारलं की व्हॉट्सअॅपच्या वरच्या शोधात KZ417 लिहायचं. लिहिलेली ओळ असल्यामुळे ती लगेच सापडते, अक्षरं वाचून होण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यावर बोट दाबून धरायचं, बाण दाबायचा, गिऱ्हाइकाचं नाव निवडायचं. एका वेळी पाच जणांना पुढे पाठवता येतं, म्हणजे रांगेतल्या चौघींना एकाच फेरीत. शब्दांनी शोधायचं तर ‘जांभळी’ लिहिलं होतं की ‘जांभळा’, ‘वांगी रंग’ की ‘वाइन’, यातच वेळ जातो. नंबराला लिंगही नसतं आणि छटाही नसते.

ढकलताना एक काळजी घ्यावी लागते. फोटोखालची ओळही सोबत जाते. म्हणून स्वतःच्या चॅटमधल्या ओळीत किंमत लिहायची नाही हा नियम दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. नाहीतर तीन महिन्यांपूर्वीची किंमत आज बिनबोभाट पोहोचते. आणि हे सगळे फोटो एचडी दर्जाने पाठवायचे, म्हणजे ढकललेली प्रतही बघण्याजोगी राहते. पाठवताना वर एचडीचं बटण दिसतं. दर वेळी ते दाबायचा कंटाळा असेल तर सेटिंगमध्ये Media upload quality एकदाच बदलून ठेवता येतं.

तरीही मूळ प्रत कॅमेऱ्याच्याच फोल्डरमध्ये. स्वतःचं चॅट हे शोधायचं ठिकाण आहे, साठवायचं नाही. चॅट साफ करताना फोनवरची चित्रंही पुसू का, असं विचारणारी एक चौकट येते. ताईने एकदा जागा मोकळी करायच्या नादात ती खूण तशीच ठेवून पुढे दाबलं, आणि सव्वा महिन्याचा माल चॅटमधून गेला. चूक तिचीच होती, ती मान्य करते. मूळ फोटो कॅमेऱ्यात होते म्हणून निभावलं. रविवारची दुपार जाऊन ओळी पुन्हा लिहाव्या लागल्या, एवढंच.

आता फोनमधल्या अल्बमांकडे. इथे एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि घोटाळे त्यातूनच होतात. फोनच्या स्वतःच्या गॅलरीत, सॅमसंगमध्ये समजा, अल्बम म्हणजे बहुधा खरा फोल्डर. त्यात फोटो हलवला की तो जुन्या जागेवरून उठतो आणि नव्या जागी बसतो. गुगल फोटोजमधला अल्बम म्हणजे नुसतं लेबल. फोटो एकच असतो आणि तो तीन अल्बमांत दिसू शकतो. तिथे अल्बममधून काढणं वेगळं आणि कचऱ्याची पेटी दाबणं वेगळं. पेटी दाबली की फोटो एका अल्बममधून नव्हे, सगळीकडून जातो, फोनमधूनही. आयफोनचे अल्बमही असेच लेबलवाले. तिथे फाइलचं नाव बदलता येत नसलं तरी फोटोला ओळ लिहिता येते आणि ती शोधात सापडते, त्यामुळे आयफोनवाल्यांनी नंबर तिथेही लिहून ठेवावा.

ताईने खरे फोल्डर दोनच केले : ‘चालू’ आणि ‘गेलेल्या’. जास्त फोल्डर करायचा तिचा बेत होता, पैठणी वेगळी, खण वेगळा, सुती वेगळी. मी विरोध केला, कारण खणाचा काठ लावलेली सुती साडी कुठे ठेवायची यावर तिचं स्वतःचंच एकमत होईना. ज्या वर्गवारीत विचार करावा लागतो ती रात्री साडेनऊला चालत नाही. साडी चालू आहे की गेली, एवढंच विचारायचं. ठरली की फोटो पुसायचा नाही, ‘गेलेल्या’मध्ये हलवायचा. परत आली की उलट.

खरा फोल्डर असण्याचा आणखी एक फायदा चॅटमध्ये दिसतो. गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये फोटो जोडायला गेलं की व्हॉट्सअॅप आधी अलीकडचे फोटो दाखवतं आणि तिथेच फोनमधल्या फोल्डरांची यादीही देतं. ‘चालू’ तिथे दिसतो. गुगल फोटोजमधलं नुसतं लेबल तिथे दिसत नाही. म्हणजे गॅलरीत जाऊन, शोधून, परत चॅटमध्ये येण्याची फेरी वाचते.

‘चालू’ फोल्डर शंभराच्या आत ठेवायचा असं ठरवलं, त्यालाही हिशेब आहे. एका ओळीत चार फोटो दिसतील एवढं लहान केलं तर एका पडद्यावर पंचवीस-तीस साड्या मावतात. शंभर साड्या म्हणजे बोटाचे तीन-चार फटकारे. इतक्यात डोळा रंगावरून साडी उचलतो, नंबर आठवत नसला तरी. तीनशे झाल्या की डोळा दमतो आणि पुन्हा चार मिनिटांची रात्र सुरू होते. त्यासाठी रोज संध्याकाळी, बहुतेक मालिका लागायच्या आधी, ताई पाच मिनिटं काढते. प्रत्येक साडीच्या तीन नमुन्यांतले दोन पुसते, उरलेला ‘चालू’मध्ये हलवते. साठाचे वीस होतात. हा पाच मिनिटांचा हात न फिरवता झोपलं तर दुसऱ्या दिवशी एकशेवीस फोटो वाट पाहत असतात, आणि मग ते कुणीच आवरत नाही.

पुसण्याची भीती बाळगायचं कारण नाही, फक्त मुदत माहीत हवी. सॅमसंगच्या गॅलरीतली कचरापेटी तीस दिवस सांभाळते, आयफोनचीही साधारण तेवढीच. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो साठ दिवस पेटीत राहतो, बॅकअप नसलेला तीस. पण पेटीतून परत आणणं म्हणजे सेकंदांचं काम नव्हे. आणि कुणी हौशीने पेटीही रिकामी केली असेल तर विषय संपला.

गुगलच्या फुकटच्या जागेची एक अडचण आहे. पंधरा जीबी मिळतात, त्यांतच ईमेल आणि ड्राइव्हही बसतात. रोज वीस साड्या, साडेतीन एमबीचा एक फोटो, म्हणजे महिन्याला दोन जीबीच्या वर. सात महिन्यांत जागा भरते. भरली की बॅकअप थांबतो आणि नवी साडी त्या शोधात येईनाशी होते. नवे फोटो सापडत नाहीत, जुने सापडतात, असं झालं तर आधी जागा तपासावी. ताई आता कमी जागा घेणारा बॅकअपचा पर्याय वापरते. दुसरं, ‘जागा मोकळी करा’ हे बटण बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढतं. ते दिसत राहतात, पण पाठवताना आधी खाली उतरवावे लागतात. बसमध्ये, अर्ध्या रेंजमध्ये, ते गोल फिरत राहतं. म्हणून ‘चालू’तल्या साड्या फोनमध्येच असायला हव्यात. ‘गेलेल्या’ ढगात गेल्या तरी चालेल.

सोसायटीच्या ग्रुपवरची फुलं गॅलरीतून हटवायला त्यांच्यातलं एकही फूल पुसावं लागलं नाही. त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन Media visibility बंद केलं की त्यानंतर येणारे फोटो चॅटमध्ये दिसतात, गॅलरीत उतरत नाहीत. ताईने अकरा ग्रुपांना हे लावलं. माहेरचा ग्रुप तेवढा वगळला, म्हणे भाच्याचे फोटो हवेत. अर्थात माहेरच्या ग्रुपवरच सर्वांत जास्त सुविचार येतात, पण त्यावर मी काही बोललो नाही.

कागदपत्रांचं मात्र बोललो. भावजींच्या पॅन कार्डाचा फोटो एका निळ्या महेश्वरीच्या शेजारी बसला होता. घाईत बोट एक घर सरकलं असतं तर दोनशे बायकांना भावजींची जन्मतारीख कळली असती. तो आता गॅलरीतल्या कुलपाच्या फोल्डरमध्ये आहे, जिथे व्हॉट्सअॅपच्या फोटो जोडण्याच्या यादीतून हात पोहोचत नाही.

परवा पुन्हा तिच्याकडे गेलो होतो. जेवताना भाच्याला सांगितलं, आईला कोणताही नंबर विचार. त्याने KZ388 म्हटलं. ताईने डाव्या हाताने चार बोटं मारली आणि माझा फोन वाजला : मोरपंखी नारायणपेठ, गेलेली. नऊ सेकंद. भाच्याने लगेच KZ52 विचारलं. तेही आलं, सातच सेकंदांत. मग त्याने KZ9 म्हटलं आणि शोधात KZ9, KZ90 पासून KZ99, शिवाय KZ900च्या पुढच्या सगळ्या साड्या एकदम उतरल्या. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. सुरुवात KZ001 अशी तीन आकडी करायला हवी होती. पुढचा हजार सुरू होताना आता KZ1001 ऐवजी अक्षरंच बदलायची, XK001 पासून, असं ठरलंय.

नंबर सुरू व्हायच्या आधीच्या दोन वर्षांच्या साड्या तशाच पडून आहेत, साडेपाच हजारांच्या आसपास फोटो. त्यांना चिठ्ठी लावता येत नाही, कारण साड्या कधीच कुणाच्या तरी कपाटात गेल्या. त्यातली एखादी दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी मागतंच : ‘तशीच हवी होती हो, आठवतेय का, दोन वर्षांपूर्वी टाकलेली, करड्या रंगाची?’ मग ताई गॅस बारीक करते आणि जुन्या पद्धतीने अंगठा वर सारायला लागते.